सहाव्या उत्तराचे काय?

पिंपरी-चिंचवडपासून भोसरीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या जोडीने पदविका शिक्षण देणारी तंत्रनिकेतनेही उभी राहिली. त्यांत शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचे वडील किंवा थोरले भाऊ याच पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात पाळीवर जात असतात, आणि पदविका हाती पडताच आपणही त्याच फाटकातून, परंतु जरा वरच्या दर्जाने, आत जावे ही घरातील सर्वांची अपेक्षा असते. या मुलांची लेखी परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, घेते. एका विषयात एक गुण कमी पडला तर पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने थांबावे लागते; आणि ‘एकही विषय राहिलेला नसावा’ अशी अट घालून उमेदवार निवडणाऱ्या कारखान्याच्या दारात तो एक गुण सहा महिन्यांहूनही महाग पडू शकतो.

हे सांगण्याचे कारण या परीक्षेच्या पहिल्याच प्रश्नात आहे. 2017-18 पासून लागू झालेल्या ‘आय’ अभ्यासक्रमाची लेखी प्रश्नपत्रिका 70 गुणांची आणि तीन तासांची. तिचा पहिला प्रश्न ‘खालीलपैकी कोणतेही पाच सोडवा’ असा असतो. त्याखाली ए ते जी असे सात उपप्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे सातांपैकी पाच, एकूण गुण दहा. व्याख्या द्या, नियम सांगा, दोन उपयोग लिहा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. त्यांचा उद्देश उघड आहे. अभ्यासक्रमाच्या निरनिराळ्या घटकांवर एकेक छोटा प्रश्न टाकावा आणि एखादा घटक कच्चा राहिलेल्या मुलाला दोन प्रश्न सोडून देण्याची मुभा द्यावी.

परीक्षार्थी बहुधा प्रारंभी पहिल्या प्रश्नाची पाच उत्तरे लिहून पुढे जातो. सहावा प्रश्न संपल्यावर घड्याळात दहा-बारा मिनिटे उरलेली दिसतात. पुरवणीची शेवटची दोन पाने कोरी असतात. तेव्हा तो पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळतो आणि राहिलेले दोन उपप्रश्नही लिहून टाकतो. पाच मागितली असता सात उत्तरे परीक्षकाच्या हाती पडतात ती अशी. मुलाचा हिशोब सरळ असतो: लिहिलेले वाया जाणार नाही; गेलेच तर नुकसान काय?

नुकसान आहे की नाही, हे प्रश्नपत्रिका वाचून कळत नाही. ‘आय’ अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर सूचना छापलेल्या असतात. सर्व प्रश्न अनिवार्य आहेत. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करावा. आवश्यक तेथे आकृत्या काढाव्यात. उजवीकडील आकडे पूर्ण गुण दर्शवितात. आवश्यक ती माहिती गृहीत धरावी. साधा गणकयंत्र वापरण्यास हरकत नाही. आणि भ्रमणध्वनी, पेजर इत्यादी साधने परीक्षागृहात आणू नयेत. जे यंत्र आजच्या परीक्षार्थ्याने बहुधा पाहिलेलेही नाही त्या पेजरची दखल सूचनाकर्त्यांनी घेतली. सहाव्या उत्तराची घेतली नाही. परीक्षकांसाठी आदर्श उत्तरांच्या आरंभी ज्या सूचना दिलेल्या असतात त्याही पुष्कळ विचारपूर्वक केलेल्या आहेत. शब्दाला शब्द न जुळवता मुख्य कल्पना पाहावी, भाषेच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये, उदाहरणात पायरीपायरीने गुण द्यावेत, असे त्या सांगतात. जादा उत्तराविषयी तेथेही मौनच आहे. तपासणी केंद्रावर एखादी तोंडी सूचना मिळत असेलही. परंतु जी सूचना परीक्षकाला कानात मिळते आणि परीक्षार्थ्याला कोठेच मिळत नाही, तिला नियम म्हणणे कठीण आहे.

नियम नसला की सवय राज्य करते, आणि या बाबतीत परीक्षकांच्या सवयी चार प्रकारच्या संभवतात. एक परीक्षक पहिली पाच उत्तरे तपासून पुढची दोन आडवी रेघ मारून सोडून देईल. दुसरा सातही तपासून त्यांतली सर्वांत चांगली पाच धरील. तिसरा, मुलाने मेहनत केली आहे अशा समजुतीने, सातांचे गुण एकत्र करील आणि बेरीज दहाच्या वर गेली तरच ती दहावर आणून ठेवील. चौथ्या प्रकारचा, हिशोबी वृत्तीचा परीक्षक सातांची सरासरी काढून तिला पाचाने गुणील. तो प्रत्यक्षात क्वचितच भेटेल. तथापि कागदावर त्याची पद्धत इतरांइतकीच तर्कशुद्ध दिसते. चौघेही प्रामाणिक असू शकतात, आणि एकाच उत्तरपत्रिकेला चौघे चार वेगळे गुण देतील.

किती वेगळे, ते एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, यंत्र अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सची, म्हणजे पदार्थांच्या बलाची, प्रश्नपत्रिका सोडवीत आहे. पहिल्या प्रश्नाच्या ए मध्ये हूकचा नियम विचारला आहे. त्याने नियम लिहिला, परंतु तो स्थितिस्थापकतेच्या मर्यादेतच लागू पडतो हे लिहावयाचे राहिले, गुण एक. बी मध्ये पॉयसन गुणोत्तराची व्याख्या बिनचूक, गुण दोन. सी मध्ये तुळईवरील कर्तन बल आणि नमन आघूर्ण यांचा संबंध उलटा लिहिला, शून्य. डी मध्ये समांतर अक्षांचा सिद्धांत बरोबर, आकृतीत मात्र अंतर दाखविलेले नाही, दीड. ई मध्ये तुळईचे चार प्रकार मागितले होते, त्यांतले दोनच बरोबर, एक. ही झाली प्रारंभी लिहिलेली पाच उत्तरे. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने एफ घेतला, नमनाचे समीकरण अक्षरांच्या अर्थासह पूर्ण लिहिले आणि दोन गुण मिळविले. मग जी मध्ये उत्केंद्री भाराची व्याख्या दिली, तीत थोडी उणीव राहिली म्हणून दीड.

आता बेरीज. पहिली पाच धरणाऱ्या परीक्षकाच्या हिशोबाने साडेपाच गुण होतात. सर्वोत्तम पाच धरणारा बी व एफ यांचे दोन-दोन, डी व जी यांचे दीड-दीड आणि ए किंवा ई चा एक धरून आठ देतो. सर्व मिळवणाऱ्याचे नऊ होतात. सरासरीवाल्याचे 6.43 होतात. उरलेल्या पाच प्रश्नांत या विद्यार्थ्याला साडेएकवीस गुण आहेत असे समजू. लेखी परीक्षेत 70 पैकी किमान 28 गुण लागतात. पहिल्या परीक्षकाकडे त्याचे 27 होतात आणि तो नापास होतो. दुसऱ्याकडे साडेएकोणतीस, तिसऱ्याकडे साडेतीस, दोन्हीकडे पास. चौथ्याकडे 27.93 भरतात, आणि मग पूर्णांकात करताना कोणत्या बाजूला झुकायचे यावर त्याचे सहा महिने अवलंबून राहतात. उत्तरे तीच, शाई तीच. गठ्ठा कोणाच्या टेबलावर गेला एवढाच फरक.

यांतली तिसरी पद्धत उघडपणे चुकीची आहे. पाच उत्तरांच्या गुणांत सात उत्तरांची बेरीज घालणे म्हणजे ‘कोणतेही पाच’ हे शब्द पुसून टाकणे होय. गंमत अशी की ती नेमकी सहज पकडली जात नाही. बेरीज दहाच्या वर गेली तर पडताळणी करणाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. पण वरच्या उदाहरणातील नऊ हा आकडा दहाच्या आतच आहे. मुखपृष्ठावरील चौकटीत पहिल्या प्रश्नापुढे नऊ लिहिलेले पाहून कोणालाही संशय येणार नाही. संशयासाठी आत जाऊन किती उपप्रश्नांपुढे गुण पडले आहेत ते मोजावे लागेल. सरासरीची पद्धतही टाकाऊच म्हणावी लागेल, कारण तीत सहावे उत्तर लिहिण्याची शिक्षा होऊ शकते. पाच बिनचूक उत्तरे लिहून दहा गुण मिळविलेल्या मुलाने सहावे चुकीचे लिहिले, तर सहांच्या सरासरीने त्याचे दहाचे 8.33 होतील. ज्याने मागितलेले सर्व बरोबर दिले त्याचे गुण कमी करण्यास कोणताही आधार नाही.

खरा वाद उरतो तो पहिल्या दोन पद्धतींत. ‘पहिली पाच’ या पद्धतीची बाजू दुबळी नाही. किंबहुना भोसरीच्या एखाद्या कारखान्यात आलेल्या मालाची तपासणी करणारा मनुष्य तिचीच बाजू घेईल. पुरवठादाराकडून आलेल्या मालातील पाच नग मोजायचे ठरले असता सात मोजून त्यांतील बऱ्या पाचांचाच अहवाल कोणी पाठविला, तर त्याला तपासणी म्हणत नाहीत. निवड ही कसोटीचाच भाग आहे, असेही या पक्षाचे म्हणणे असते. आपल्याला काय येते हे ओळखणे हेही ज्ञानच आहे. ज्याला ते ओळखता येत नाही त्याला परीक्षकाने ते ओळखून का द्यावे? स्पर्धा परीक्षांत हा विचार स्पष्टपणे स्वीकारलेला दिसतो. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेले असते की प्रश्नांची मोजणी लिहिलेल्या क्रमानेच होईल, आणि अर्धवट लिहिलेले उत्तरही, खोडलेले नसेल तर, मोजले जाईल. हा नियम कठोर आहे, परंतु तो आधी सांगितलेला आहे. उमेदवाराच्या हातात एक उपाय त्याच वाक्याने दिलेला आहे: नको असलेले उत्तर खोडून टाकावे.

शेजारचे उदाहरण घ्यावयाचे तर महाराष्ट्राच्याच दहावी-बारावीच्या मंडळाने बहुपर्यायी प्रश्नांपुरती ही सूचना प्रश्नपत्रिकेवर छापलेली असते: पहिलेच उत्तर ग्राह्य धरले जाईल. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत 2021 ते 2024 या काळात प्रत्येक विषयाच्या दुसऱ्या विभागात पंधरांपैकी दहा प्रश्न सोडवावयाचे होते, आणि दहापेक्षा अधिक सोडविल्यास पहिले दहाच मोजले जातील, असे माहितीपत्रकात आधीच सांगितले जाई. 2025 पासून हा पर्यायच काढून टाकण्यात आला.

‘पहिले’ हा शब्द मात्र दिसतो तितका सोपा नाही. यंत्राने वाचावयाच्या उत्तरपत्रिकेत कोणते वर्तुळ आधी काळे केले हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. त्याला प्रश्नाचा क्रमांक तेवढा दिसतो, म्हणून तेथे पहिले म्हणजे क्रमांकाने पहिले. हाताने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत पहिले म्हणजे पानांच्या क्रमाने पहिले असे धरावे लागते. पण मूल एफ आणि जी आधी लिहून मग ए, बी, सी कडे वळले तर काय? वरच्याच विद्यार्थ्याने ती सातही उत्तरे जशीच्या तशी, फक्त एफ, जी, ए, बी, सी, डी, ई या क्रमाने लिहिली असे समजा. पानांच्या क्रमाने पहिली पाच धरली तर दोन, दीड, एक, दोन आणि शून्य मिळून साडेसहा होतात, एकूण 28 भरतात, आणि तो पास होतो. अक्षरांच्या क्रमाने धरली तर पुन्हा साडेपाच, पुन्हा 27. म्हणजे ‘पहिली पाच’ हे एकच नाव धारण करणारे दोन नियम झाले, आणि त्यांच्या दरम्यान उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेघ आली. ज्ञानात काडीचाही फरक नसताना केवळ कोणते उत्तर कोणत्या पानावर पडले यावर निकाल ठरत असेल, तर कसोटी कशाची झाली?

निवड करता येणे हेही ज्ञान आहे, या युक्तिवादाचाही जरा जवळून विचार केला पाहिजे. शेवटच्या घंटेला आपल्या सातांपैकी दोन उत्तरे खोडण्याची संधी वरच्या विद्यार्थ्याला दिली असती, तर त्याने कोणती खोडली असती? सी खोडावयास हवे होते, कारण तेथे शून्य होते. परंतु ते त्याला कळले असते तर त्याने संबंध उलटा लिहिलाच नसता. चुकीचे उत्तर लिहिणाऱ्याला बहुधा ते बरोबरच वाटत असते. अर्धे येणारे उत्तर मात्र आपल्याला अर्धेच येते हे त्याला जाणवते. म्हणून तो ए आणि ई खोडील, सी ठेवील, आणि आठांऐवजी सात गुण मिळवील. पर्याय असलेल्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांपैकी हॉवर्ड वेनर आणि डेव्हिड थिसेन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1994 साली याच मुद्द्याकडे लक्ष वेधले होते. परीक्षार्थी ज्या प्रश्नात अधिक गुण मिळवू शकले असते तोच प्रश्न ते निवडतात, हे गृहीत धरता येत नाही. सातांतून पाच निवडण्याचे एकवीस मार्ग आहेत. म्हणजे एका प्रश्नाच्या पोटात एकवीस निरनिराळ्या परीक्षा दडलेल्या आहेत, आणि त्यांतली आपल्यासाठी सर्वांत सोपी कोणती हे वीस वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांत ठरवावयाचे असते. तंत्रनिकेतनाच्या परीक्षेला जोखावयाचे आहे ते त्या मुलाचे तुळईविषयीचे ज्ञान, स्वतःविषयीचे नव्हे.

‘सर्वोत्तम पाच’ या पद्धतीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप अन्यायाचा आहे. जो मुलगा सूचना पाळून पाचच उत्तरे लिहितो त्याच्यापेक्षा सात लिहिणाऱ्याला अधिक संधी मिळते, आणि हा आक्षेप गणिताने खरा ठरतो. ज्याचे कोणतेही उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी आहे अशा मुलाला पाच उत्तरांत सरासरीने पाच गुण मिळतील. सात लिहून त्यांतली सर्वोत्तम पाच धरली तर 6.86. ज्याची नऊ-दशांश उत्तरे बरोबर येतात त्याचे नऊचे 9.94 होतील. अर्थात हा हिशोब सर्व प्रश्न सारखेच येतात असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात मुलगा येणारे प्रश्न आधी घेतो आणि जादा उत्तरे दुबळी असतात, म्हणून फायदा याहून कमी होतो. तरीही तो आहे, आणि हुशार मुलापेक्षा मधल्या मुलाला अधिक आहे.

परंतु हा फायदा फुकट मिळत नाही. 70 गुण आणि 180 मिनिटे म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ. दोन गुणांच्या उत्तराला सुमारे पाच मिनिटे जातात, दोन जादा उत्तरांना दहा. आणि त्याच दहा मिनिटांत चार गुणांच्या एखाद्या प्रश्नाची अपुरी आकृती पूर्ण होऊ शकली असती. पाचव्या आणि सहाव्या प्रश्नांत तिनांपैकी दोन सोडवावयाचे असतात, प्रत्येकी सहा गुणांचे. तेथे एक जादा उत्तर म्हणजे पंधरा मिनिटे. ज्याला वेळ उरला त्याने तो कोठे खर्च करावा हा त्याचा प्रश्न आहे. पाचच लिहून उरलेला वेळ इतरत्र लावणाऱ्या मुलाचे त्यात काही हिरावले जात नाही. फक्त ही मोकळीक त्यालाही आधी सांगितलेली असली पाहिजे. भालाफेकीत सहा फेकींतील सर्वांत लांब फेक धरतात म्हणून कोणी अन्यायाची तक्रार करीत नाही, कारण हा नियम मैदानावरील प्रत्येकाला ठाऊक असतो. आज अन्याय होतो तो सात लिहिल्यामुळे नव्हे, तर सात लिहिले तर काय होते याची बातमी एका वर्गात पोचलेली असते आणि शेजारच्या वर्गात नसते म्हणून.

मालतपासणीचा दाखलाही येथे अखेरपर्यंत लागू पडत नाही. तेथे पाच नग संपूर्ण मालाचे प्रतिनिधी असतात, आणि कोणते पाच हे पुरवठादाराने ठरवावयाचे नसते. येथे प्रश्नपत्रिकेनेच ‘कोणतेही’ हा शब्द वापरून निवडीचा हक्क मुलाला दिलेला आहे. शिवाय ही परीक्षा क्रमवारी लावण्यासाठी नाही. लोकसेवा आयोगाला हजारो उमेदवारांतून मोजक्यांना वर काढावयाचे असते. तंत्रशिक्षण मंडळाला पाहावयाचे असते ते एवढेच, की हा मुलगा ठरलेल्या पातळीला पोचला की नाही. हूकच्या नियमापेक्षा नमनाचे समीकरण त्याला अधिक चांगले येते, हे कागदावर लिहिलेले डोळ्यांसमोर असताना परीक्षकाने दुसरीकडे पाहावे यात कोणता शैक्षणिक हेतू साधतो? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या परीक्षकांना याच दिशेने सूचना दिलेली आहे: जादा प्रश्न सोडविला असल्यास अधिक गुणांचे उत्तर ठेवावे आणि दुसऱ्यावर ‘जादा प्रश्न’ अशी नोंद करून ते रद्द करावे.

परीक्षकाच्या श्रमांचा मुद्दा उरतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सर्वोत्तम पाच निवडावयाची तर सातही तपासली पाहिजेत. शेवटच्या पुरवणीवर गेलेली दोन उत्तरे आधी शोधून काढली पाहिजेत. उन्हाळी परीक्षेचे गठ्ठे समोर असताना दिवसभर तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून शेवटच्या पानावरील एफ सुटून जाणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून येथे चांगुलपणावर न विसंबता काम करण्याची पद्धत ठरवून दिली पाहिजे. परीक्षकाने जेवढी उत्तरे लिहिली असतील तेवढी सर्व तपासावीत आणि प्रत्येकापुढे गुण लिहावेत. मग सर्वांत कमी गुणांची जादा उत्तरे वर्तुळ करून त्यांपुढे ‘जादा’ असे लिहावे आणि मुखपृष्ठावर उरलेल्या पाचांचीच बेरीज न्यावी. दोन उत्तरांना सारखेच गुण असतील तर कोणतेही एक वगळावे; बेरजेत फरक पडत नाही. हे केले की नियामकाला उत्तरपत्रिका हाती घेताच दोन गोष्टी तपासता येतात: पहिल्या प्रश्नापुढे वर्तुळाबाहेरचे पाचच आकडे आहेत ना, आणि वर्तुळातील कोणताही आकडा बाहेरच्या एखाद्यापेक्षा मोठा नाही ना. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासली जात असेल तर निवडीचे आणि बेरजेचे काम यंत्रच करील. परंतु त्याला कोणता नियम शिकवावयाचा हे तेव्हाही आधी ठरवावेच लागेल, आणि ठरविले नाही तर ज्याने तो कार्यक्रम लिहिला त्याची सवय सर्व महाराष्ट्राला लागू होईल.

आजच्या व्यवस्थेत मुलाच्या हाती असलेला मार्ग म्हणजे निकालानंतर शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविणे आणि फेरतपासणीचा अर्ज करणे. त्या छायाप्रतीत त्याने प्रथम शेवटची पाने पाहावीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथे असून त्यापुढे गुण, शून्य किंवा रेघ यांपैकी काहीच नसेल, तर ते उत्तर परीक्षकाने पाहिलेच नाही असे म्हणता येते, आणि न तपासलेल्या उत्तराची तक्रार समजण्यास सोपी असते. मात्र त्या उत्तरावर नुसती आडवी रेघ असेल तर अडचण येते. परीक्षकाने ते वाचून पाचांत बसत नाही म्हणून सोडले, की न वाचताच सोडले, हे त्या रेघेवरून मुलाला ओळखता येत नाही. त्याचे शिक्षकही ‘पाचच मागितली होती ना?’ एवढेच म्हणू शकतात. त्यांनाही बोट ठेवण्यासाठी छापलेले वाक्य सापडत नाही. हे वाक्य लांबलचक असण्याची गरज नाही. ‘मागितल्यापेक्षा अधिक उपप्रश्न सोडविल्यास सर्वाधिक गुणांची आवश्यक तेवढी उत्तरे धरली जातील, खोडलेले उत्तर तपासले जाणार नाही’ एवढे पुरे आहे. सूचनांच्या यादीत त्याला जागा करावयाची तर पेजरविषयीची सूचना खुशाल गाळावी.